लोखंडे ते भोसले: अक्कलकोटच्या राजघराण्याचं आडनाव कुठून आलं?

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातली अडखळणी काढली आहेत, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.)

आजची सुरुवात एका चुकीच्या कबुलीने करतो. काही महिन्यांपूर्वी आपण अक्कलकोटच्या राजवाड्यावर आणि तिथल्या शस्त्रागारावर एक भाग केला होता. त्यात मी बोलण्याच्या ओघात म्हणून गेलो की, "अक्कलकोटचे भोसले म्हणजे शिवाजी महाराजांच्याच रक्ताचे." मला ते इतकं उघड वाटत होतं की तपासून बघावं हे डोक्यातच आलं नाही. राजे आहेत, आडनाव भोसले आहे, सातारच्या छत्रपतींशी संबंध आहे, मग अजून काय पाहिजे?

आठवड्याभरात मराठवाड्यातून एका काकूंचा फोन आला. वय सत्तरीच्या पुढे, आवाज खणखणीत. म्हणाल्या, "माझं माहेर लोखंडे. आमचा पोरगा तुम्ही परस्पर भोसल्यांना देऊन टाकलात की!" मी आधी हसलो, मग ओशाळलो, आणि मग कामाला लागलो. कारण काकूंचं म्हणणं बरोबर होतं. अक्कलकोटच्या राजघराण्याचा मूळ पुरुष जन्माने भोसले नव्हता. तो होता राणोजी लोखंडे, एका पाटलाचा मुलगा. त्याचा फत्तेसिंह भोसले कसा झाला, आडनाव बदलल्यावर त्याला काय मिळालं, काय मिळालं नाही, आणि पुढच्या पिढ्यांनी ते आडनाव कसं सांभाळलं, हे आज बघू. आम्ही सोलापूरकर दर गुरुवारी अक्कलकोटला जातो, 40 किलोमीटरवर तर आहे. पण स्वामींचं दर्शन घेतलं, प्रसाद घेतला की परतीची एसटी. राजवाड्याकडे मान वळवून कोण बघतंय?

तर चला 1707 सालात.

त्या वर्षी औरंगजेब अहमदनगरला वारला. त्याच्या छावणीत संभाजी महाराजांचा मुलगा शाहू साडेसतरा वर्षं कैदेत होता. रायगड पडला तेव्हा सात वर्षांचा असताना पकडला गेलेला, आता पंचविशीचा झालेला. औरंगजेबाचा मुलगा आझम शाह दिल्लीच्या गादीसाठी उत्तरेकडे निघाला आणि वाटेत, नर्मदेच्या पलीकडे, त्याने शाहूला सोडून दिलं. शाहू दक्षिणेकडे निघाला. जवळ फौज थोडी आणि पैसा त्याहून थोडा. वाटेत एकेक सरदार येऊन मिळत होता.

आता इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण आजच्या सगळ्या कथेचा गाभा तिथे आहे. इकडे महाराष्ट्रात ताराबाई आपल्या मुलाच्या नावाने कारभार बघत होत्या. शाहू परत येतोय म्हटल्यावर त्यांच्या बाजूने असं पसरवलं गेलं की हा खरा शाहू नव्हेच, हा तोतया आहे. आणि हे म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. सात वर्षांचा पोरगा गेला, पंचवीस वर्षांचा गडी परत आला. त्याला चेहऱ्याने ओळखणारं कोण होतं? म्हणजे 1707 च्या त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात खुद्द शाहूचं भोसले असणंच वादात होतं. एवढंच कशाला, 'शाहू' हे त्याचं जन्माचं नावही नव्हे. पाळण्यातलं नाव शिवाजी, आजोबांचंच. शाहू हे नाव मोगलांच्या छावणीत चिकटलं; बादशहाने त्याला 'साव' म्हटलं आणि त्यावरून शाहू झालं, अशी परंपरा सांगते.

अशा अवस्थेत तो आजच्या मराठवाड्यातल्या पारद नावाच्या गावापाशी आला. जुन्या इंग्रजी पुस्तकांत हे नाव पारुद असंही लिहिलेलं सापडतं. गावचा पाटील सयाजी लोखंडे. पाटलाने शाहूच्या लोकांना गावात घेतलं नाही. गावाच्या बाजूने गोळी सुटली, मग शाहूच्या माणसांनी गावावर हल्ला केला आणि त्या चकमकीत पाटील मारला गेला. आता पाटलाचं काय चुकलं? हत्यारबंद जमाव गावावर येतोय, त्यांचा म्होरक्या स्वतःला छत्रपतींचा वारस म्हणवतोय, आणि दुसरीकडून निरोप येतायत की तो तोतया आहे. त्या काळात गाव वाचवायचं असेल तर वेशीचं दार बंद करणं हाच शहाणपणा होता.

पुढचा प्रसंग या घराण्याच्या इतिहासात सगळीकडे येतो. पाटलाची बायको आपल्या लहान मुलाला घेऊन आली आणि तिने तो मुलगा शाहूच्या पायावर घातला. नवरा तर गेलाच, निदान मुलगा वाचू दे. शाहूने तो मुलगा उचलून घेतला आणि आपल्याबरोबर ठेवला. त्याच्या वाटचालीतला हा पहिला विजय, म्हणून मुलाचं नाव ठेवलं फत्तेसिंह. 'फत्ते' म्हणजे विजय, शब्द मूळचा अरबी, फारसीतून आपल्याकडे आलेला, आणि त्याला 'सिंह' जोडलेला. मोगलांच्या छावणीत वाढलेल्या माणसाला सुचेल असंच नाव. आणि आडनाव दिलं स्वतःचं, भोसले.

थोडा विचार करा हं. बापाच्या मृत्यूचं नाव मुलाला दिलंय. ज्या चकमकीत सयाजी लोखंडे पडला, तिचा विजय म्हणजे 'फत्ते'. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी काही वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. शाहूच्या मनात क्रूरपणा नसणार, त्याचा स्वभाव तसा नव्हता. पण त्या आईच्या कानावर रोज हे नाव पडलं असतं तर तिला कसं वाटलं असतं, हे कुठल्याही बखरीत लिहिलेलं नाही.

आणि दुसरं. तोपर्यंत खेडची लढाई झालेली नव्हती, ती ऑक्टोबर 1707 ची. साताऱ्याला राज्याभिषेक झाला नव्हता, तो जानेवारी 1708 चा. म्हणजे 'तू भोसले नाहीस' असं लोक ज्याला म्हणतायत, तो माणूस दुसऱ्याला भोसले आडनाव देतोय! माझा अंदाज असा की यात दया होतीच, पण त्याबरोबर एक जाहीर सांगणंही होतं. घरचं नाव वाटण्याचा हक्क घरच्या धन्यालाच असतो. ज्याने आडनाव वाटलं, त्याने आपण त्या आडनावाचे मालक आहोत हेही सांगून टाकलं. हा अर्थ माझा आहे, कागदात असा लिहिलेला नाही. पटला तर घ्या.

आता काकूंच्या फोननंतर मी पहिला प्रश्न स्वतःला विचारला: ही गोष्ट खरी कशावरून? आडनावाच्या गोष्टींमध्ये पायावर घातलेली पोरं खूप असतात. वाघ मारला म्हणून वाघमारे, राजाने खूश होऊन आडनाव दिलं, असल्या कथा घरोघरी सापडतात आणि त्यातल्या पुष्कळशा नंतर रचलेल्या असतात. मग ही वेगळी कशी?

पारदच्या प्रसंगाची दोन ठळक वर्णनं आपल्याला मिळतात. एक मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीच्या परंपरेतलं, आणि दुसरं ग्रँट डफच्या 1826 च्या इतिहासातलं. बघा, दोन साक्षीदार मिळाले, काम झालं, असं वाटतं. पण चिटणिसांची बखर 1810 च्या आसपासची, म्हणजे प्रसंगानंतर शंभर वर्षांनी लिहिलेली. आणि ग्रँट डफ साताऱ्यालाच नेमणुकीवर होता, त्याने सातारच्या दप्तरातली कागदपत्रं आणि चिटणिसांचं लिखाणही वापरलं. म्हणजे हे दोन साक्षीदार वेगळे नाहीत, दुसऱ्याने पहिल्याकडून ऐकलेलं आहे. आपल्या घराण्याचा इतिहास शोधताना ही चूक सगळे करतात. एक कथा चार पुस्तकांत सापडली की चार पुरावे झाले असं वाटतं, आणि खरं तर चौघांनी एकाचंच उतरवलेलं असतं.

मग माझा विश्वास कशावर बसला? बारीकसारीक तपशिलावर नाही. आई नेमकी कशी आली, काय बोलली, ते बखरकाराने रंगवलेलं असू शकतं. विश्वास बसला तो एका साध्या कारणावर: ही कथा घराण्याच्या सोयीची नाही. राजघराणी आपलं मूळ वर चढवून सांगतात, खाली उतरवून कोणी सांगत नाही. अक्कलकोटकरांना 'आम्ही थेट शिवछत्रपतींचे वंशज' असं सांगणं किती सोपं होतं. आडनाव हातात होतंच! मी नाही का सहज बोलून गेलो? तरी घराण्याच्या इतिहासात लोखंडे हे नाव टिकून राहिलं. जी गोष्ट सांगणाऱ्याच्या फायद्याची नाही आणि तरी पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, तिच्यात बहुधा तथ्य असतं. आणि दुसरी कसोटी म्हणजे पुढे 1749 साली जे घडलं ते. त्याकडे येतोच.

फत्तेसिंहाला साताऱ्यात वाढवलं ते विरूबाईंनी. विरूबाई शाहू महाराजांच्या लग्नाच्या राणी नव्हत्या, पण वाड्यात त्यांचा शब्द राण्यांपेक्षा वजनदार होता. त्यांनी या मुलाला पोटच्या मुलासारखं वाढवलं. 1740 मध्ये विरूबाई वारल्या तेव्हा त्यांचं क्रियाकर्म फत्तेसिंहाने केलं. आपल्याकडे क्रियाकर्म कोण करतं यावरून नातं ठरतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. कागदावर काहीही असो, पाणी द्यायला जो उभा राहिला तो मुलगा.

पुढे त्याला अक्कलकोटचा मुलूख मिळाला आणि तेच त्याच्या घराण्याचं ठिकाण झालं. फौजेतही मोठा मान मिळाला. कर्नाटकच्या स्वाऱ्यांमध्ये तो होता. 1740 मध्ये अर्काटच्या नवाबाविरुद्ध जी मोठी मोहीम गेली, दामलचेरीच्या घाटात नवाब दोस्त अली मारला गेला आणि पुढच्या वर्षी त्रिचनापल्ली हातात येऊन चंदासाहेब पकडला गेला, त्या मोहिमेवर दोन भोसले होते. एक फत्तेसिंह भोसले, दुसरे नागपूरचे रघूजी भोसले.

आता गंमत बघा. रघूजींचं घराणं हिंगणीकर भोसल्यांचं. त्यांचं आडनाव जन्माचंच. पण त्यांचं आणि शिवछत्रपतींचं रक्ताचं नातं नेमकं कसं जोडायचं, हे पक्क्या पुराव्याने आजवर सिद्ध झालेलं नाही. शाहू महाराजांशी त्यांचं पक्कं नातं होतं ते शिर्क्यांकडून, दोघांच्या बायका शिर्के घराण्यातल्या, म्हणजे साडू. तर एकच आडनाव लावणारे दोन सरदार एकाच मोहिमेवर निघालेत. एकाला ते जन्माने मिळालं, दुसऱ्याला धन्याने दिलं, आणि तिसरा, जो साताऱ्यात बसलाय, त्याला ते मिळवण्यासाठी लढाई करावी लागली. तंजावरला आणखी एक शाखा होती, ती मात्र शहाजीराजांच्या मुलाची, व्यंकोजींची. आडनावाच्या तीन अक्षरांतून यातलं काहीच कळत नाही.

बरं, हे भोसले आडनाव तरी मूळचं कुठलं? यावर भांडण जुनं आहे. एक मत म्हणजे मेवाडच्या सिसोदियांपासूनचं मूळ. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी हीच वंशावळ पुढे आली. काहीजण भोसाजी नावाच्या पूर्वजाकडे किंवा गावाच्या नावाकडे बोट दाखवतात. आणि रा. चिं. ढेरे यांनी शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवावर काम करताना असं मांडलं की भोसल्यांचं मूळ दक्षिणेत, होयसळ कुळाकडे जातं, आणि 'होयसळ' या नावाचंच पुढे 'भोसले' झालं. आमच्या सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू एकाच गल्लीत बोलतात, त्यामुळे आम्हाला हा विचार फारसा परका वाटत नाही. पण यातलं कुठलंही मत शेवटचं समजू नका. मी आज एवढंच म्हणेन की राणोजीला जे आडनाव मिळालं, त्याचाही उगम धुक्यातच आहे.

आणि लोखंडे? ते लोखंडावरून आलं हे उघड आहे. पण लोखंडाशी काय संबंध, शस्त्राचा, व्यापाराचा, घडणावळीचा की एखाद्याच्या टोपणनावाचा, हे शब्दावरून ठरत नाही. शेवटचा 'ए' हा मराठीतला आदरार्थी अनेकवचनाचा. काळा-काळे, गोरा-गोरे तसं. हे आडनाव अनेक जातींत आहे. त्यामुळे तुम्ही लोखंडे असाल तर लगेच अक्कलकोटच्या राजवाड्याची किल्ली मागायला जाऊ नका. आडनाव एक म्हणजे कुळ एक असं मुळीच नाही. काकूंनाही मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "किल्ली नको, नाव घेतलं तरी पुरे."

आता 1749 कडे येऊ. शाहू महाराज म्हातारे झाले, आजारी पडले. मुलगा नाही. गादी कुणाला, यावर साताऱ्यात केवढं राजकारण चाललं होतं. राणी सकवारबाईंचा कल कोल्हापूरच्या संभाजीराजांकडे. ताराबाईंनी पुढे आणला रामराजा, आपला नातू म्हणून. डिसेंबर 1749 मध्ये शाहू महाराज गेले आणि गादीवर रामराजा बसला.

या सगळ्या गोंधळात फत्तेसिंह कुठे होता? होता की! बेचाळीस वर्षं भोसले आडनाव लावत होता, महाराजांनी मुलासारखा वाढवलेला, मोहिमा केलेला, वयाने कर्ता. आणि गादी द्यायचं ठरलं ते कुणाला, तर लपवून वाढवलेल्या एका तरुणाला, ज्याच्याबद्दल खुद्द ताराबाईंनीच नंतर सांगून टाकलं की हा माझा नातू नव्हे! मी वर म्हटलं ना, दुसरी कसोटी 1749 ची. फत्तेसिंह जन्माने भोसले असता, लांबच्या शाखेचा का असेना, तर त्याचं नाव पहिल्या फटक्यात पुढे आलं असतं. आलं नाही, कारण तो पारदच्या लोखंड्यांचा आहे हे सगळ्यांना माहीत होतं. शाहूने त्याला आडनाव दिलं, मुलूख दिला, वाड्यात आई दिली. गादी मात्र त्या आडनावाबरोबर आली नाही. रक्ताचा दावा, अगदी संशयास्पद असला तरी, दिलेल्या आडनावापेक्षा जड ठरला.

1760 मध्ये फत्तेसिंह वारला. त्यालाही मागे मुलगा नव्हता. मग त्याने दत्तक कुणाला घेतलं होतं? घराण्याच्या वंशावळीनुसार आपल्या जन्माच्या कुळातलाच, लोखंड्यांचा मुलगा. नाव ठेवलं शहाजी. मला या कथेतला हा सगळ्यात सुंदर सांधा वाटतो. आडनाव भोसल्यांचं पुढे चाललं आणि रक्त लोखंड्यांचं. पन्नासएक वर्षं साताऱ्याच्या सावलीत काढूनही त्याने पारदकडे पाठ फिरवली नव्हती.

आणि आता नावांकडे बघा. अक्कलकोटच्या गादीवर बसलेल्यांची यादी मी समोर ठेवली आणि सलग वाचली: फत्तेसिंह, शहाजी, फत्तेसिंह, मालोजी, शहाजी, मालोजी, शहाजी, फत्तेसिंह. शेवटचे विजयसिंह. पहिले आठ राजे आणि नावं फक्त तीन! आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत आहेच, त्यामुळे नावं फिरत राहतात. पण कुठली नावं फिरतायत? शहाजी आणि मालोजी, म्हणजे शिवाजी महाराजांचे वडील आणि आजोबा. भोसले कुळाची खास नावं. सयाजी नाही, राणोजी नाही. म्हणजे आडनाव आधी बाहेरून आलं आणि मग पिढ्यांनी पाळण्यातली नावंही त्या आडनावाला शोभतील अशी निवडली. आडनाव बदललेलं घर ओळखायची ही एक चांगली खूण आहे. आडनाव एका दिवसात बदलतं, पण घरातली नावं कधीपासून बदलली हे पाहिलं की लोकांनी ते मनापासून कधी स्वीकारलं ते दिसतं.

आणि याच यादीत काय नाही तेही बघा. शिवाजी नाही, संभाजी नाही. मुद्दाम टाळलं की सहज झालं, मी छातीठोक सांगणार नाही. पण कुळाची नावं घेतली आणि छत्रपतींची दोन नावं सोडली, यात मला तरी एक अदब दिसते. मधलं 'फत्तेसिंह' मात्र कायम राहिलं. ते कुणाच्याच कुळाचं नव्हतं, ते पारदच्या त्या दिवसाचं होतं.

पुढे इंग्रज आले. 1820 मध्ये अक्कलकोटकरांशी करार झाला, सातारच्या छत्रपतींच्या हाताखाली पण इंग्रजांच्या हमीखाली. इंग्रजी कागदात भोसल्यांचं 'भोन्सले' झालं, 'भोन्सला' झालं. आपल्याकडेही 'भोसले' आणि 'भोंसले' दोन्ही लिहीत. मोडीत अनुस्वार द्यायचा की नाही हे लिहिणाऱ्याच्या मर्जीवर असे, ऱ्हस्व-दीर्घाचा तर प्रश्नच नाही, त्यामुळे एकाच माणसाचं आडनाव एकाच दप्तरात दोन तऱ्हांनी सापडतं. हे बदल ध्यानात ठेवा, पण त्यांच्यात अर्थ शोधू नका. पुष्कळ लोक एका टिंबावरून शाखा वेगळी ठरवतात. ते टिंब कारकुनाच्या बोरूचं असतं. पुढे 'राजे' ही पदवीही आडनावाला चिकटली आणि राजेभोसले असं जोडून लिहिलं जाऊ लागलं.

1848 मध्ये मात्र मोठी उलथापालथ झाली. सातारचे छत्रपती आप्पासाहेब वारले, मरताना दत्तक घेतला होता, पण डलहौसीने ते दत्तकविधान राज्यापुरतं मानलं नाही आणि सातारा खालसा केलं. इंग्रजांची भूमिका अशी की दत्तक मुलाला घर मिळेल, खाजगी मालमत्ता मिळेल, श्राद्ध-पक्ष करता येईल. राज्य मात्र आमच्या परवानगीशिवाय मिळणार नाही. ऐकल्यासारखं वाटतं ना? शंभर वर्षांपूर्वी फत्तेसिंहाच्या बाबतीत साताऱ्यात न बोलता हेच झालं होतं. आता ते खुद्द साताऱ्याच्या वाट्याला आलं. ज्यांनी आडनाव दिलं त्यांचं राज्य दत्तकावरून गेलं, आणि ज्यांचं घराणंच दिलेल्या आडनावावर उभं, ते अक्कलकोट टिकलं. सातारा गेल्यावर ते थेट इंग्रजांच्या देखरेखीखाली आलं आणि 1948 मध्ये विलीन होईपर्यंत संस्थान म्हणून राहिलं. स्वामी समर्थ अक्कलकोटला राहिले तो काळ यातलाच, राजे मालोजीराव दुसरे.

जाता जाता एक तुलना. 1875 मध्ये बडोद्याच्या गादीसाठी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून गोपाळ नावाचा मुलगा नेला आणि त्याचा सयाजीराव झाला. तिथेही नाव बदललं, पण आडनाव बदलावं लागलं नाही, कारण तो गायकवाडांच्याच लांबच्या शाखेतला होता. दत्तकात नाव बदलणं आपल्याकडे नेहमीचंच. परक्या कुळातलं मूल घेऊन त्याला आडनावासकट उभं करणं, तेही राजाने, हे विरळा.

काही श्रोत्यांनी विचारलं होतं की आमच्या घरात असं काही झालंय का ते कसं शोधायचं. अक्कलकोटवरून सुचलेलं सांगतो. सातबारा आणि शाळेचा दाखला यांत नवं आडनाव असणार, तिथे वेळ घालवू नका. वतनाचे जुने कागद बघा. पाटीलकी, कुळकर्ण ज्या नावाने मिळाली त्या नावानेच हक्क चालत असे, म्हणून तिथे जुनं आडनाव सहसा टिकून राहतं. दुसरं म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा, "आपण कुणाकडे सोयरीक करत नाही?" दत्तक गेलेल्या मुलाला जन्मघराशीही लग्नसंबंध वर्ज्य राहतो. आडनाव विसरलं जातं, पण 'त्यांच्याशी आपलं जमत नाही, ते भाऊबंद' ही आठवण कारण माहीत नसतानाही चालत राहते. आणि कुलदैवत विचारा. आताच्या आडनावाचे बाकीचे लोक एका देवाला जातात आणि तुम्ही तिसऱ्याच गावच्या देवाला नारळ वाहता, तर त्या गावात एकदा जाऊन या.

राजवाड्याच्या जुन्या भागातलं माझं ते वाक्य आता मी काढून टाकलंय आणि तिथे दुरुस्ती वाचून दाखवली आहे. काकूंना फोन करून कळवलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "त्या पाटलीणबाईचं नाव सापडलं का हो?"

मी चाळलेल्या एकाही वर्णनात ते नाव नव्हतं. तसं त्यांना सांगितलं.